पुढे ढकललेल्या कामांची नोंदवही आणि सभेपुढचा एक पानी अहवाल

प्रश्न: मी आमच्या संस्थेच्या कार्यकारी समितीची सहसचिव आहे. दर महिन्याला सभा असते. ‘मागील इतिवृत्तावरील कार्यवाही’ या विषयावर पाऊण तास जातो, तरी तीच तीच कामं ‘चालू’ म्हणून पुढे जातात. मागच्या सभेत अध्यक्षांनी विचारलं, हा विषय पहिल्यांदा कधी आला होता? मला सांगता आलं नाही. ही कामं नोंदवायची कशी आणि दर सभेत मांडायची कशी?

उत्तर:

तुमच्या इतिवृत्तात चूक असेल असं मला वाटत नाही. ते ज्यासाठी नाही ते काम त्याच्याकडून करून घेतलं जातंय, तिथे अडतंय. इतिवृत्त हा एका दिवसाचा कागद. त्या दिवशी काय ठरलं ते लिहिलं, पुढच्या सभेत ते कायम झालं, अध्यक्षांची सही झाली, की त्यात कुणी हात घालायचा नाही. ठरलेलं काम मात्र सभेनंतर जिवंत असतं. ते हलतं, अडतं, दुसऱ्याकडे जातं, कधी त्याची गरजच संपते. अशा कामाचा माग बंद झालेल्या कागदावर ठेवायचा म्हटलं की दर महिन्याला ते एका इतिवृत्तातून दुसऱ्यात उतरवत राहावं लागतं, आणि प्रत्येक उतरवण्यात थोडं काहीतरी गळतं. पहिली तारीख सहसा सगळ्यात आधी गळते. अध्यक्षांच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नव्हतं ते त्यामुळेच.

काही गोष्टी तुमच्या संस्थेवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. काही संस्थांच्या नियमांत मागच्या निर्णयांवरील कार्यवाहीचा अहवाल सभेपुढे ठेवणं बंधनकारक असतं आणि त्याचा नमुनाही ठरलेला असतो. तसं असेल तर तो नमुना पाळा. मी सांगते ती नोंदवही त्याच्या पाठीशी राहील. समिती पाच जणांची असेल आणि उघडी कामं सात-आठच असतील तर यातलं निम्मं पुरेल. सदस्यांना सभेआधी फोन करून ‘काय झालं’ असं विचारायचा अधिकार तुम्हाला आहे का, हेही पाहा. नसेल तर तो आधी अध्यक्षांकडून मागून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मी वीसेक वर्षं वेगवेगळ्या समित्यांची इतिवृत्तं लिहिते आहे. ही पद्धत माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून आली, म्हणून ती चूकच सविस्तर सांगते.

एका संस्थेचं कार्यालय भाड्याच्या जागेत होतं. करार ३१ डिसेंबरला संपणार होता. त्यात एक कलम होतं: संस्थेला त्याच अटींवर नूतनीकरण हवं असेल तर मुदत संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, तशी लेखी नोटीस मालकांना द्यायची. मे महिन्याच्या सभेत विषय निघाला. मी लिहिलं, ‘जागेच्या कराराच्या नूतनीकरणाबाबत मालकांशी बोलावे. जबाबदारी: चिटणीस.’ जूनच्या सभेत चिटणिसांनी सांगितलं की बोलणं झालं, मालक अनुकूल आहेत. मी लिहिलं, ‘मालकांशी बोलणे झाले. पुढील कार्यवाही चालू.’ जुलैत लिहिलं, ‘जागेचा करार: चालू.’

ऑगस्टमध्ये नियमित सभा झालीच नाही. एका तातडीच्या विषयासाठी विशेष सभा घ्यावी लागली आणि तिच्या इतिवृत्तात तेवढा एकच विषय आला. सप्टेंबरच्या सभेची तयारी करताना मी नेहमीप्रमाणे लगतच्या सभेचं इतिवृत्त समोर ठेवलं आणि त्यावरून कार्यवाहीची यादी काढली. त्या इतिवृत्तात कराराचं नाव नव्हतं, म्हणून यादीतही आलं नाही. सभेत कुणी विचारलं नाही. ऑक्टोबरमध्ये कोषाध्यक्षांना आठवण झाली तेव्हा नोटिशीची तारीख उलटून गेली होती. मालकांनी नव्या अटी पुढे केल्या. पाच वर्षांऐवजी दोन वर्षांचा करार मिळाला, तोही वाढीव भाड्यानं.

त्या सगळ्यात कुणीही खोटं बोललं नव्हतं. चिटणीस मालकांशी खरंच बोलले होते. इतिवृत्तात जे लिहिलं होतं ते काम झालंही होतं. मी नंतर पाचही इतिवृत्तं शेजारी शेजारी ठेवून वाचली तेव्हा काम तीन ठिकाणी निसटल्याचं दिसलं.

पहिलं, शब्दांत. मे महिन्यात ‘नूतनीकरणाबाबत बोलावे’ होतं, जुलैपर्यंत ‘जागेचा करार’ एवढंच उरलं. आता नक्की काय बाकी आहे, बोलणं की नोटीस की सही, हे त्या दोन शब्दांवरून कुणालाच कळणार नव्हतं. शिवाय मे महिन्याचं वाक्यसुद्धा मुळात चुकीचं होतं. समितीला हवं होतं नूतनीकरण, त्यासाठी लागणार होती लेखी नोटीस, आणि मी क्रियापद लिहिलं ‘बोलावे’.

दुसरं, तारखेत. कामाला मुदतच लिहिली नव्हती. आणि लिहिली असती तरी तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे दर सभेत मी ती खोडून नवी घातली असती, आणि काम किती वेळा मागे पडलं हे कळायला काही मार्ग उरला नसता.

तिसरं, साखळीत, आणि मला हे सगळ्यात धोक्याचं वाटतं. यादी फक्त लगतच्या इतिवृत्तावरून काढली की एक सभा मध्ये चुकली, तहकूब झाली किंवा विशेष सभा आली की त्याआधीचं सगळं एका फटक्यात गायब होतं. गुणवत्ता व्यवस्थापनाचं आयएसओ ९००१:२०१५ हे मानक ज्यांच्याकडे लागू आहे त्यांनी त्यातलं कलम ९.३.२ पाहावं. व्यवस्थापन आढाव्यात विचारात घ्यायच्या बाबींची यादी तिथे आहे आणि पहिलीच बाब आहे आधीच्या आढाव्यांतून ठरलेल्या कामांची सद्यस्थिती. शब्द अनेकवचनी आहे. नुसता मागचा आढावा पाहून ती अट पुरी होत नाही.

म्हणून उघड्या कामांची एक स्वतंत्र नोंदवही ठेवा. ती कुठल्याही एका सभेची नसते. सभा येतात-जातात, ती एकच चालू राहते. साधी स्प्रेडशीट पुरते. एका कामाला एक ओळ, आणि स्तंभ असे: कामाचा क्रमांक, ठरल्याची तारीख, मूळ शब्द, जबाबदार व्यक्ती, मूळ मुदत, सध्याची मुदत, किती वेळा पुढे ढकललं, सद्यस्थिती, पूर्ण झाल्याची तारीख, पुरावा. यातल्या काही स्तंभांचे नियम कडक हवेत.

क्रमांक सभेवरून द्या. ४१व्या सभेतला सहावा विषय असेल तर ४१/६. तो काम संपेपर्यंत बदलत नाही, आणि संपल्यावर दुसऱ्या कामाला मिळत नाही. पुढच्या प्रत्येक इतिवृत्तात त्या कामाचा उल्लेख याच क्रमांकानं करा. ‘हे पहिल्यांदा कधी आलं’ या प्रश्नाचं उत्तर मग क्रमांकातच असतं. नियमित आणि विशेष सभांना एकाच ओळीनं क्रमांक द्या, म्हणजे दोन ४१/६ होणार नाहीत. एक बारीक पण त्रासदायक गोष्ट: ४/६ असं टाइप केलं की स्प्रेडशीट त्याची तारीख करून टाकते. तो स्तंभ भरायच्या आधीच त्याचं स्वरूप Text करून ठेवा.

मूळ शब्द आणि मूळ मुदत एकदा लिहिल्या की कधीच बदलायच्या नाहीत. काम पुढे गेलं की ‘सध्याची मुदत’ बदलते आणि ‘किती वेळा’मध्ये एक मिळवला जातो. मूळ मुदतीपासून किती दिवस उलटले ते सूत्रानं काढता येतं. मूळ मुदत E स्तंभात, पूर्ण झाल्याची तारीख I स्तंभात आणि अहवालाची तारीख M1 मध्ये असेल तर:

```
=IF(I2="",MAX(0,$M$1-E2),"")
```

इथे मी मुद्दाम TODAY() वापरलेलं नाही. त्यानं आकडा रोज बदलतो, आणि सदस्यांना आठवड्यापूर्वी पाठवलेला कागद आणि सभेत पडद्यावर दिसणारी यादी जुळत नाही. अहवालाची एक तारीख ठरवा आणि सगळे आकडे त्या तारखेचे ठेवा. एखाद्या ओळीत पंचेचाळीस हजारांच्या वरचा आकडा दिसला तर घाबरू नका. त्या कामाला मूळ मुदत भरायची राहिली आहे एवढाच त्याचा अर्थ.

सद्यस्थितीत ‘चालू’, ‘पाठपुरावा सुरू’, ‘प्रक्रियेत’ हे शब्द मी पूर्ण बंद केले आहेत. त्यांतून काहीच कळत नाही आणि ते कधी खोटेही ठरत नाहीत. त्याऐवजी दोन गोष्टी लिहा: शेवटचं काय झालं, तारखेसह, आणि पुढचं पाऊल काय, कुणाचं. ‘मसुदा ३ जुलैला वकिलांकडे दिला. त्यांच्याकडून परत यायचा आहे.’ एवढं पुरतं, आणि पुढच्या महिन्यात हेच वाक्य पुन्हा आलं तर काम हललं नाही हे वाचणाऱ्याला लगेच दिसतं.

पुराव्याच्या स्तंभानं सगळ्यात जास्त फरक पडतो. काम झालं म्हणजे नक्की काय दाखवता आलं पाहिजे, हे काम नोंदवतानाच ठरवा. नोटिशीची पोच, सही झालेला करार, बँकेचं पत्र, बदल झाल्याचा फोटो, जे लागू असेल ते. काही ठिकाणी ‘संबंधितांनी सभेत सांगितलं’ एवढंही चालतं, पण तेही ठरवून चालवा. कराराच्या कामात हा स्तंभ असता आणि त्यात ‘नोटिशीची पोच’ लिहिलेलं असतं, तर ‘बोलणं झालं’ या उत्तरावर ती ओळ पुढे सरकलीच नसती.

आता तेच काम या पद्धतीनं पुन्हा चालवून पाहू. मे महिन्याच्या ४१व्या सभेनंतर ओळ अशी पडते: ४१/६, ‘करारातील कलमानुसार नूतनीकरणाची लेखी नोटीस मालकांना देणे’, चिटणीस, मूळ मुदत ३१ जुलै, पुरावा: नोटिशीची पोच. मुदत ३० सप्टेंबर धरलेली नाही, हे लक्षात घ्या. बाहेरची शेवटची तारीख आणि आपली मुदत एकच ठेवली तर मुदत हुकल्याचं कळेपर्यंत हातात काही उरत नाही. मध्ये निदान दोन सभा बसतील एवढं अंतर ठेवावं असा माझा ठोकताळा आहे. बाहेरची तारीख मूळ शब्दांच्या पुढे लिहून ठेवा.

जूनमध्ये काम मुदतीच्या आत आहे, म्हणून सभेत त्यावर एक शब्दही बोलायचं कारण नाही. जुलैतही तेच, फक्त सद्यस्थितीत ‘बोलणं झालं, मसुदा बाकी’ अशी नोंद होते. ऑगस्टची विशेष सभा येते. बहुतेक संस्थांच्या नियमांप्रमाणे विशेष सभेत सूचनेतल्या विषयाव्यतिरिक्त निर्णय होत नाही, आणि ते योग्यच आहे. पण नोंदवही कुठल्या एका सभेला बांधलेली नसल्यानं तिचा अहवाल त्या महिन्यातही सदस्यांकडे जातो, निव्वळ माहितीसाठी. त्यात ४१/६ पुढे ‘मुदत उलटून १२ दिवस’ असं दिसतं. चिटणीस ते वाचतात, अध्यक्ष वाचतात, आणि नोटीस द्यायला अजून दीड महिना असतो. सप्टेंबरची यादी नोंदवहीतून निघते, ऑगस्टच्या इतिवृत्तातून नव्हे, म्हणून विषय गळत नाही.

नोंदवहीत काय घ्यायचं याबद्दल थोडक्यात. ज्यासाठी कुणीतरी उठून काहीतरी करायचं आहे तेवढंच घ्या. ‘नोंद घेण्यात आली’, ‘अहवाल स्वीकारण्यात आला’ यांना ओळ नको. निर्णय झाला पण कृती लागत नाही, तर तो इतिवृत्तातच राहू द्या. एका ठरावातून तीन जणांना तीन कामं निघत असतील तर तीन ओळी करा, ४१/६अ, ४१/६आ, ४१/६इ. जबाबदार म्हणून एकच नाव लिहा. ‘चिटणीस व कोषाध्यक्ष’ असं लिहिलं की दोघंही समोरच्याची वाट पाहतात. गैरहजर सदस्यावर काम टाकलं गेलं असेल तर सभेनंतर दोन दिवसांत त्यांना लेखी कळवा आणि होकार मिळेपर्यंत ओळीत तसं लिहून ठेवा. ओळी शक्यतो सभेनंतर लगेच, इतिवृत्ताचा मसुदा लिहितानाच भरा. इतिवृत्त कायम होण्याची वाट पाहिली तर काम सुरू व्हायच्या आधीच एक महिना जातो. कायम करताना दुरुस्ती झाली तर ओळही दुरुस्त करा. मूळ शब्द बदलायची परवानगी फक्त तेवढ्या एका वेळी.

दोन सभांच्या मधली माहिती गोळा करायची पद्धत तुमच्या पाऊण तासावर थेट परिणाम करते. आत्ता तुमच्याकडे बहुधा सभेतच एकेकाला विचारलं जातं. माणूस तिथल्या तिथे आठवून सांगतो, बाकीचे त्यावर बोलतात, आणि विषय वाहत जातो. माहिती सभेच्या दहा दिवस आधी मागवा, प्रत्येकाला फक्त त्याच्या ओळी पाठवून. प्रश्न मोघम ठेवू नका. ‘४१/६ ची काय स्थिती?’ असं विचारलं की ‘चालू आहे’ हेच उत्तर येतं. ‘४१/६: नोटीस दिली का? दिली असल्यास तारीख आणि पोच पाठवा. नसल्यास कशामुळे अडलं आणि कधीपर्यंत होईल?’ असं विचारा. उत्तर आलं नाही तर अहवालात ‘अमुक तारखेपर्यंत माहिती मिळाली नाही’ असं लिहा. त्यात कुणाचा अपमान नाही, ती वस्तुस्थिती आहे. तुम्ही स्वतः अंदाजानं काही भरू नका. एकदा भरलंत की ती माहिती तुमची ठरते.

सभेत कसं मांडायचं हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. क्रम असा ठेवा: आधी मागील इतिवृत्त कायम करणं, मग कार्यवाहीचा अहवाल. या दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका. इतिवृत्त कायम करताना प्रश्न एकच असतो, जे घडलं ते बरोबर लिहिलंय का. ‘पण मग ते काम झालं का?’ असं तिथे कुणी विचारलं तर अध्यक्षांनी ‘पुढच्या विषयात घेऊ’ म्हणून थांबवायला हवं. अध्यक्षांशी हे आधीच बोलून ठेवा.

अहवाल एका पानाचा असावा आणि त्याचे तीन भाग असावेत. पहिल्या भागात मागच्या अहवालानंतर पूर्ण झालेली कामं, क्रमांक, तारीख आणि पुराव्यासह. ही वाचायची नाहीत. ‘यावर कुणाला शंका?’ एवढं विचारायचं. दुसऱ्या भागात मुदत उलटलेली किंवा समितीचा निर्णय लागणारी कामं. सभेचा वेळ फक्त यांना द्यायचा. तिसऱ्या भागात मुदतीच्या आतली कामं, निव्वळ माहितीसाठी. माझ्या अनुभवात तीस उघड्या कामांपैकी सभेत बोलावं लागतं अशी पाच-सहाच निघतात. आधी आपण तीसही वाचायचो, म्हणून पाऊण तास जायचा. एखादं काम त्याच दिवशीच्या कार्यसूचीवर स्वतंत्र विषय म्हणून असेल तर अहवालात ‘विषय क्र. ८ पाहा’ एवढंच लिहा, नाहीतर तीच चर्चा दोनदा होते.

दुसऱ्या भागातल्या प्रत्येक कामावर समितीनं तीनपैकी एक गोष्ट ठरवायची असते: झालं म्हणून बंद करणं, कारणासह नवी मुदत देणं, किंवा ते काम सोडून देणं. चौथं काही निघालं, म्हणजे मूळ निर्णयावरच पुन्हा चर्चा सुरू झाली, तर ती पुढच्या सभेच्या कार्यसूचीवर घ्यायची. कार्यवाहीच्या विषयात झालेला निर्णय जुना निर्णय फिरवत असेल तर ज्यांना सूचनेत तो दिसलाच नाही त्या सदस्यांवर अन्याय होतो, आणि तुमच्या नियमांनुसार तो निर्णय टिकेलच असंही नाही.

इतिवृत्तात याची नोंद करताना ‘चर्चा झाली’ हा शब्दप्रयोग टाळा. माझी नोंद अशी असते:

‘४१/६ नूतनीकरणाची लेखी नोटीस. मूळ मुदत ३१ जुलै. नोटीस अद्याप दिलेली नाही. मसुदा वकिलांकडे आहे. सुधारित मुदत २० सप्टेंबर (पहिली मुदतवाढ). जबाबदारी: चिटणीस.’

दोन वर्षांनी नवा माणूस हे वाचेल तेव्हा त्याला आधीची चार इतिवृत्तं उघडावी लागणार नाहीत. अहवालाचं पान इतिवृत्ताला परिशिष्ट म्हणून जोडा. त्या तारखेला नोंदवही कशी दिसत होती याचा तो एकमेव पुरावा असतो, कारण मूळ शीट तर पुढे बदलत राहणार.

आता पुन्हा पुन्हा पुढे जाणाऱ्या कामांबद्दल. त्यांच्यासाठी मी एक नियम अध्यक्षांकडून आधीच मंजूर करून घेते: दोन मुदतवाढी अहवालातच मिळतील, तिसरी मागायची असेल तर ते काम स्वतंत्र विषय म्हणून कार्यसूचीवर येईल. दोनच का? पहिली मुदत हुकणं नेहमीचं असतं, अंदाज चुकतात. दुसऱ्यांदा हुकली तर सहसा वाटेत काहीतरी खरंच अडलेलं असतं. तिसऱ्यांदा मात्र प्रश्न माणसाच्या आळसाचा क्वचितच असतो. एक तर त्याला लागणारा अधिकार किंवा पैसा दिलेला नसतो, किंवा काम इतकं मोठं असतं की ते ‘एक काम’ नसतंच, किंवा ते कुणालाच आता नको असतं पण तसं म्हणायला कुणी तयार नसतं. या तिन्हींची उत्तरं समितीकडेच असतात, जबाबदार व्यक्तीकडे नसतात, आणि आणखी एका मुदतवाढीनं त्यातलं एकही मिळत नाही.

त्यातलं शेवटचं कारण असेल तर काम सोडायला समितीला मोकळीक द्या. ‘बदललेल्या परिस्थितीमुळे ३२/४ ची आवश्यकता उरलेली नाही, हे काम बंद करण्याचे ठरले’ असं इतिवृत्तात स्पष्ट लिहा. सचिवानं आपल्या मनानं यादीतून ओळ काढायची नाही, ती कितीही निरर्थक वाटली तरी. समितीनं ठरवलेलं काम समितीच सोडू शकते.

या नियमाला एक अपवाद ठेवा. काही कामं खरोखर बाहेरच्यांवर अडलेली असतात: न्यायालयाची तारीख, एखाद्या खात्याची परवानगी, दुसऱ्या संस्थेचं उत्तर. त्यांच्यासाठी ‘प्रतीक्षा’ अशी वेगळी स्थिती ठेवा आणि मुदतवाढी मोजू नका. पण प्रत्येक प्रतीक्षेला पुढची विचारणा करायची तारीख हवीच, आणि विचारणा झाली की तिची नोंद हवी. तारीख नसलेली प्रतीक्षा म्हणजे दुसऱ्या नावानं आलेलं ‘चालू’च. ‘प्रतीक्षा’मध्ये जाणाऱ्या ओळी महिन्यामहिन्याला वाढताना दिसल्या तर सदस्यांना ती पळवाट सापडली आहे असं समजा आणि अध्यक्षांच्या कानावर घाला.

मागच्या सभेत काम पूर्ण झाल्याचं सांगितलं गेलं आणि नंतर ते झालं नव्हतं असं कळलं, तर काय करायचं हेही सांगते, कारण हे होतंच. कायम झालेलं इतिवृत्त दुरुस्त करू नका. त्या दिवशी तसं सांगितलं गेलं होतं, म्हणजे नोंद खरीच आहे. चालू सभेच्या इतिवृत्तात लिहा की ३८/२ पूर्ण झाल्याची माहिती ४० व्या सभेत नोंदली होती, ते काम अपूर्ण असल्याचं आढळलं, म्हणून ते पुन्हा उघडलं. क्रमांक तोच, मूळ मुदत तीच. नवा क्रमांक दिला तर ते काम आजच जन्मल्यासारखं दिसतं.

सुरुवात करताना मागच्या बारा महिन्यांची इतिवृत्तं, विशेष सभांसकट, घेऊन एका बैठकीत वाचा आणि जिथे जिथे कुणावर काही सोपवलं आहे ती वाक्यं जशीच्या तशी उतरवा. पूर्ण झाल्याची नोंद जिथे सापडत नाही ती सगळी उघडी धरा. यादी तुमच्या कल्पनेपेक्षा मोठी निघेल. ती थेट सभेत ठेवू नका. आधी अध्यक्ष आणि ज्यांच्या नावावर कामं आहेत त्यांच्याबरोबर बसा. त्यातली बरीच कधीच झालेली असतात, फक्त कुणी नोंद केलेली नसते. काही दोनदा आलेली असतात. उरतील त्यांना मूळ सभेवरूनच क्रमांक द्या. मुदत लिहिलेली नसेल तर पहिल्या अहवालाच्या सभेत समितीकडून ठरवून घ्या आणि तिलाच मूळ मुदत धरा.

पद्धत चालते आहे का हे पाहायला मी पूर्ण झालेल्या कामांची संख्या पाहत नाही. ती फसवते, कारण लहान कामं पटापट बंद होतात आणि आकडा चांगला दिसतो. मी दोनच गोष्टी पाहते: उघड्या कामांतलं सगळ्यात जुनं किती दिवसांचं आहे, आणि दोनपेक्षा जास्त वेळा पुढे गेलेली किती आहेत. तुमच्या पहिल्या अहवालात हे दोन्ही आकडे वाईट असतील. ते तसेच अहवालाच्या डोक्यावर लिहा आणि प्रत्येक महिन्याचा आकडा आधीच्या आकड्याशेजारी ठेवत जा.